वीस लाख किंवा शून्य

दर महिना-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी फेटाळलेल्या क्लेमच्या पत्राचा फोटो फिरायला लागतो. आधीचा आजार लपवला म्हणून भरपाई देता येत नाही, असं त्यात दोन ओळींत लिहिलेलं असतं. मग दोन फळ्या पडतात. एक म्हणते, विमा कंपन्या म्हणजे लुटारू, हप्ते घेताना गोड आणि द्यायच्या वेळी आडव्या. दुसरी म्हणते, खोटं लिहून पॉलिसी घेतली ना, मग आता रडायचं कशाला? मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, कारण भांडताना दोघींनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते : माहिती दडली असेल तर मिळायचं ते शून्य, आणि नसेल तर सगळं. माझं म्हणणं या मधल्या गृहीतकाबद्दल आहे. मुद्दाम खोटं बोलणाऱ्याला शून्यच मिळावं. पण निष्काळजीपणाने, अर्धवट कळून किंवा दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मवर सही करून ज्याची माहिती चुकली, त्याला त्याने भरलेल्या हप्त्याच्या प्रमाणात भरपाई मिळायला हवी. ही सवलत नाही. विम्याच्या मूळ तत्त्वांना धरूनच हे आहे.

ती तत्त्वं आधी नीट पाहू. भाजी घेताना विकणाऱ्याने प्रत्येक दोष सांगावा असं कायदा म्हणत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, एवढंच. विम्यात उलटं आहे. ज्या जोखमीवर सौदा होतो तिची खरी माहिती एकाच बाजूकडे असते. म्हणून विमा काढणाऱ्याने जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक महत्त्वाची बाब सांगितली पाहिजे. याला परम सद्भावाचं तत्त्व म्हणतात. महत्त्वाची बाब कोणती? जी कळली असती तर हप्ता किती घ्यायचा किंवा जोखीम घ्यायची की नाही, हा सावध विमा कंपनीचा निर्णय बदलला असता, ती.

या तत्त्वाचा उगम ज्या खटल्यात सांगितला जातो तो १७६६ सालचा, इंग्लंडमधला. सुमात्रा बेटावर बेंकुलनला ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो होता. तिथला गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने लंडनमधल्या भावामार्फत, किल्ला परकी शत्रूने घेतला तर, असा विमा उतरवला. फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्या बोहमने पैसे नाकारले : किल्ला किती कमकुवत आहे हे गव्हर्नरने सांगितलं नाही, फ्रेंच येण्याची शक्यता त्याला माहीत होती तीही दडवली. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सद्भावाचं तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडलं, ते आजही प्रत्येक क्लेम फेटाळताना पुढे केलं जातं. पण त्या खटल्याचा निकाल काय लागला? विमा देणारा हरला. मॅन्सफिल्ड यांच्या मते ती ठाणी युरोपीय सैन्याशी लढायला बांधलेलीच नव्हती, हे लंडनमधल्या कुणालाही समजण्यासारखं होतं. बोहमला विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही, जोखीम ओळखून हप्ता घेतला, आणि नुकसान झाल्यावर तक्रार आठवली. हा सद्भाव दोन्ही बाजूंवर बंधनकारक होता. ज्याने विचारायचं ते विचारलं नाही, त्याला नंतर दुसऱ्याच्या मौनाचा फायदा घेता येऊ नये, हा त्या निकालाचा गाभा. अडीचशे वर्षांत त्यातलं पहिलं अर्धं आपण घट्ट धरून ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं.

आपल्याकडे ही माहिती घेतली कशी जाते, ते मी कित्येक वेळा पाहिलंय. एजंट ओळखीचा असतो, संध्याकाळी घरी येतो. चहा होतो. फॉर्म त्याच्या मांडीवर, पेन त्याच्या हातात. आजारांची यादी पानभर असते : रक्तदाब, मधुमेह, हृदय, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, शस्त्रक्रिया, गेल्या पाच वर्षांत घेतलेले उपचार. तो वाचत नाही. "काका, तसं काही मोठं नाही ना?" एवढंच विचारतो. काका म्हणतात, "नाही रे, ती एक बीपीची गोळी असते सकाळी." एजंट म्हणतो, "ती सगळ्यांनाच असते." आणि वरपासून खालपर्यंत "नाही"च्या रकान्यात खुणा होतात. इंग्रजी फॉर्मखाली काका मराठीत सही करतात. आता मोबाइलवर टिचक्या मारून ओटीपी सांगितला जातो, एवढाच फरक. काका खोटं बोलले का? त्यांनी गोळी सांगितली होती. कंपनीला कळली नाही, कारण जो ऐकत होता त्याने ती लिहिली नाही.

तरीही "कंपन्या लुटारू" म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा नाही, कारण समोरच्या बाजूचा मुद्दा खरा आणि वजनदार आहे. विमा हा सगळ्यांनी मिळून भरलेला घडा आहे. ज्याला मूत्रपिंडाचा जुना विकार आहे आणि जो ते लपवून निरोगी माणसाचा हप्ता भरतो, तो कंपनीच्या मालकाच्या खिशातून नाही, खरं सांगून जास्त हप्ता भरणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशातून घेतो. असे लोक वाढले की हप्ते वाढतात. हप्ते वाढले की निरोगी माणसं बाहेर पडतात, आणि मागे आजारीच उरतात. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात विमेदाराला जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार होता, मेडिक्लेमच्या फॉर्मवर प्रकृती उत्तम असल्याचं लिहिलेलं होतं. पॉलिसी घेतल्यावर महिन्याभरात डायलिसिस सुरू झालं होतं. न्यायालयाने क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. मला त्या निकालात काही चुकीचं दिसत नाही. एवढा आजार माणसाला विसरायला होत नाही.

अडचण येते ती पुढे. हाच नियम त्या डायलिसिसच्या रुग्णालाही लागतो आणि बीपीची गोळी घेणाऱ्या काकांनाही. दोघांनाही शून्य. गुन्ह्याच्या कायद्यात चोरी आणि निष्काळजीपणा यांना एकच शिक्षा कुणी सुचवली तर आपण ऐकून घेऊ का?

यावर सहानुभूतीने सुचवला जाणारा उपाय म्हणजे कारणाचा : लपवलेल्या आजाराने मृत्यू झाला नसेल तर पैसे द्या. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने जवळपास असाच निकाल दिला. विमेदाराने पाठीच्या मणक्याचा त्रास आणि त्यासाठी घेतलेली रजा सांगितली नव्हती, मृत्यू हृदयविकाराने झाला. मणक्याच्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नव्हता आणि ते दुखणं जिवावर बेतणारंही नव्हतं, म्हणून विम्याची रक्कम द्यायला सांगितलं. त्या प्रकरणापुरता निकाल मला पटतो. पण सर्वसाधारण नियम म्हणून ही कसोटी मला लंगडी वाटते. समजा एखाद्याने कर्करोग लपवला आणि तो रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. त्याला पूर्ण रक्कम? हप्ता ठरतो पॉलिसी देताना, तेव्हा दिसणाऱ्या सगळ्या जोखमीवर. मृत्यू नंतर कशाने येतो, हा योगायोग आहे. चुकीच्या माहितीने किंमत चुकली होती, ती मृत्यूच्या कारणाने दुरुस्त होत नाही. आणि उलट बाजूने, बीपी लपलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला की ही कसोटी पुन्हा शून्यावर येते, जणू त्याने भरलेल्या हप्त्यांनी काहीच विकत घेतलेलं नव्हतं.

इथे मला विम्याचं दुसरं मोठं तत्त्व आठवतं, नुकसानभरपाईचं. विम्यातून झालेलं नुकसान भरून निघावं, त्यापेक्षा एक पैसाही जास्त मिळू नये. १८८३ च्या एका इंग्लिश खटल्यात हे अगदी स्वच्छ मांडलं गेलं. घर विकायचा करार झाला होता, ताबा द्यायच्या आत आग लागली. विक्रेत्याला विमा कंपनीकडून ३३० पौंड मिळाले, आणि नंतर खरेदीदाराने ठरलेली किंमतही पूर्ण दिली. कंपनीने आपले पैसे परत मागितले आणि ते परत मिळाले, कारण विक्रेत्याचं प्रत्यक्षात नुकसानच झालं नव्हतं. पण हेच तत्त्व दुसऱ्या दिशेनेही काम करतं, आणि ते आपल्या वादात कुणी आणत नाही.

सांगलीतल्या हळदीच्या गोदामाचं उदाहरण घेऊ. माल आहे ४० लाखांचा, मालकाने विमा उतरवला २० लाखांचा. एका कोपऱ्याला आग लागून ८ लाखांची हळद जळाली. सर्व्हेअर येतो, स्टॉक रजिस्टर तपासतो, आणि माल निम्म्यानेच विमाकृत होता हे त्याला कळतं. मग पॉलिसीतलं ॲव्हरेजचं कलम लागू होतं : निम्म्या मालाचा हप्ता भरला, म्हणून नुकसानाची निम्मी रक्कम, ४ लाख. उरलेल्या निम्म्या जोखमीचा विमेदार मालक स्वतःच होता, असं कायदा मानतो. किंमत कमी दाखवलीत म्हणून तुमचा सगळा क्लेम रद्द, असं एरवी त्याला कुणी म्हणत नाही. उलट, लहान उद्योगांसाठी २०२१ पासून जी ठरावीक नमुन्याची आग विमा पॉलिसी आहे, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट तर धरलीच जात नाही.

या मालकाने काय केलं? जोखीम होती त्यापेक्षा कमी दाखवली आणि कमी हप्ता भरला. काकांच्या फॉर्मने काय केलं? जोखीम होती त्यापेक्षा कमी दाखवली आणि कमी हप्ता भरला. एकाला प्रमाणात भरपाई, दुसऱ्याला शून्य. का?

जाणकार इथे हरकत घेतील. आयुर्विमा हा नुकसानभरपाईचा करारच नाही, माणसाच्या जिवाची किंमत सर्व्हेअर लावत नाही, ठरलेली रक्कम द्यायची असते. हरकत बरोबर आहे, इंग्लंडच्या न्यायालयाने १८५४ सालीच तसं सांगितलेलं आहे. पण माझा मुद्दा जिवाची किंमत मोजण्याचा नाही. भरलेल्या हप्त्याने किती जोखीम विकत घेतली होती, एवढाच प्रश्न आहे, आणि तो आयुर्विम्यातही तितकाच लागू पडतो. शिवाय रुग्णालयाचं बिल भरून देणारा नेहमीचा आरोग्य विमा तर नुकसानभरपाईचाच करार आहे. तिथे ठरलेल्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर अनेक पॉलिसी खोलीशी जोडलेला बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. म्हणजे प्रमाणाचा हिशेब कंपन्यांना छान येतो. तो फक्त खोलीच्या भाड्यापुरता का थांबावा?

आपला कायदा या बाबतीत एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारतो. विमा कायद्याचं कलम ४५ म्हणतं की आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणाने ती वादात ओढता येणार नाही, अगदी फसवणुकीच्याही. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, पण फसवणूक असेल तर त्यानंतरही पॉलिसी नाकारता येत होती. २०१५ च्या दुरुस्तीने तीन वर्षं आणि निर्विवाद संरक्षण असं केलं. तीन वर्षांच्या आत मात्र महत्त्वाची बाब दडवल्याच्या कारणाने कंपनी पॉलिसी नाकारू शकते. फसवणूक नसेल तर भरलेले हप्ते परत करावे लागतात. म्हणजे ठरवून खोटं बोलणारा तीन वर्षं आणि एक दिवस जगला तर त्याच्या घरच्यांना सगळं मिळतं, आणि काका दोन वर्षं अकरा महिन्यांनी गेले तर काकूंच्या हाती परत आलेले हप्ते. खोटं बोलणाऱ्याला धाक हवा म्हणून शून्याचा नियम हवा, असं जे म्हणतात, त्यांनी या तारखेकडे पाहावं. हा नियम खोट्याला नाही, लवकर मरणाऱ्याला शिक्षा करतो.

याच कलमात एक स्पष्टीकरण आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. दडवलेली बाब महत्त्वाची मानायची तर ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने सिद्ध करायचं आहे. पॉलिसी जास्त हप्त्याने दिली असती, एवढं पुरेसं नाही. आणि पॉलिसी विकणारा माणूस, करार होण्यापुरता, कंपनीचाच प्रतिनिधी मानला जाईल, असंही त्याच कलमात लिहिलेलं आहे. ग्राहकाच्या बाजूने ही मोठी हत्यारं आहेत, आणि प्रत्येक तक्रारीत ती वापरली पाहिजेत. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर हेही दुसरं टोकच आहे. गोळी कळली असती तर हप्ता सव्वापट झाला असता, हे खरं असेल तर कमी हप्ता भरून पूर्ण रक्कम घेणं बाकीच्या विमेदारांवर अन्यायाचंच आहे. कायद्याने अर्ध्या चुकीला अर्धं उत्तर द्यायची सोयच ठेवलेली नाही, म्हणून न्यायाधीशाला दोन अन्यायांतला लहान अन्याय निवडावा लागतो.

ज्या देशातून हा नियम आपल्याकडे आला त्याने तो बदलला. ब्रिटनमध्ये २०१२ साली ग्राहकांच्या विम्यासाठी नवा कायदा झाला, २०१३ पासून तो लागू आहे. न विचारता सगळं सांगण्याचं कर्तव्य त्याने सामान्य ग्राहकाच्या डोक्यावरून काढलं. आता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वाजवी काळजीने द्यायची, एवढंच कर्तव्य. उत्तर मुद्दाम किंवा बेफिकीरपणे चुकीचं दिलं तर पॉलिसी रद्द, हप्तेही सहसा परत नाहीत. निष्काळजीपणाने चुकलं तर पाहायचं की खरं कळलं असतं तर कंपनीने काय केलं असतं. पॉलिसी दिलीच नसती तर रद्द करून हप्ते परत. काही आजार वगळून दिली असती तर तसं मानून हिशेब. जास्त हप्ता घेतला असता तर भरलेला हप्ता भागिले भरायला हवा होता तो हप्ता, त्या प्रमाणात क्लेम. म्हणजे हळदीच्या गोदामाचंच गणित, माणसाला लावलेलं.

याला खरी अडचण आहे ती पुराव्याची. कंपनी म्हणेल, आम्ही तिप्पट हप्ता घेतला असता. कोण तपासणार? पण प्रत्येक कंपनीकडे कोणत्या आजाराला, कोणत्या वयाला, किती लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लावायचं याचे लेखी निकष असतात. जोखीम तपासून हप्ता ठरवणारा अंडररायटर मनाने आकडे टाकत नाही. पॉलिसीच्या तारखेला लागू असलेलं ते पान विमा लोकपालांपुढे किंवा ग्राहक आयोगापुढे ठेवायला लावावं, आणि ते ठेवलं नाही तर पूर्ण रक्कम द्यावी. पुराव्याचा बोजा कंपनीवरच राहील. आजच्या कायद्यातही तो तिच्यावरच आहे, तेव्हा नवं काही मागत नाही.

दुसरी भीती अशी की लोक मुद्दाम खोटं लिहून "विसरलो" म्हणतील आणि निदान प्रमाणातलं तरी घेतील. काही जण तसं करतील. पण त्यांना मिळणार किती? भरलेल्या हप्त्याने जेवढं विकत घेतलं तेवढंच. खोटं बोलून फायदा शून्य. आणि मुद्दाम खोटं ओळखणं तितकं अवघडही नसतं. रुग्णालयात दाखल असताना काढलेली पॉलिसी, महिनाभर आधी झालेली बायोप्सी, एकाच आठवड्यात चार कंपन्यांकडे केलेले अर्ज, हे कागद स्वतःच बोलतात.

मी ज्यांची तक्रार लिहून दिली त्या बाईंची फाइल अजून माझ्या टेबलावर आहे. नवऱ्याची आयुर्विमा पॉलिसी २० लाखांची, वर्षाचा हप्ता १८,००० रुपये. दोन हप्ते भरून झाले आणि तिसरा यायच्या आत तो गेला, मेंदूतल्या रक्तस्रावाने. कंपनीकडे पुरावा एकच : डिस्चार्ज समरीतली एक ओळ, रक्तदाबाचा त्रास पाच वर्षांपासून. ही ओळ कुठून आली ते मी विचारलं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत शिकाऊ डॉक्टरने पुतण्याला विचारलं होतं, बीपी कधीपासून? तो घाबरलेला, म्हणाला, "असेल चार-पाच वर्षं." डॉक्टरने पाच लिहिलं. एकही जुनं प्रिस्क्रिप्शन कंपनीला मिळालेलं नाही. गोळी मात्र चालू होती, हे बाई स्वतः मान्य करतात, मीही तक्रारीत ते लपवलेलं नाही. पॉलिसीसोबत आलेली फॉर्मची प्रत त्यांनी तेव्हा उघडून पाहिली नव्हती. पाहिली असती तर "नाही"च्या खुणांची ती उभी रांग दिसली असती, आणि पॉलिसी हातात आल्यापासूनच्या ठरावीक मुदतीत ती परत करता किंवा दुरुस्त करून घेता आली असती.

आटोक्यातल्या रक्तदाबाला या वयात २५ टक्के लोडिंग लागलं असतं, असं कंपनीच्याच उत्तरात आहे. म्हणजे हप्ता २२,५०० व्हायला हवा होता. वर्षाला ४,५०० कमी, दोन वर्षांचे ९,००० कमी. भरलेला हप्ता व्हायला हवा होता त्याच्या ऐंशी टक्के, म्हणून प्रमाणात देणं १६ लाख. कंपनीने ३६,००० परत पाठवले आहेत. आम्ही कलम ४५ च्या स्पष्टीकरणावर २० लाख मागितले आहेत. सुनावणी झाली, निकाल यायचा आहे. बाई मला विचारतात, "सोळा मागितले तर लवकर देतील का?" सोळा देण्याची तरतूद कुठल्याच कलमात नाही, हे मला त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं.